दोरा, मेण आणि रंग : बांधणी, टाय-डाय आणि बाटिकबद्दल सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे सुती कापडावर, घरच्या किंवा लहान कारखान्याच्या भांड्यांत, थंड पाण्यात चढणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग वापरून काम करणाऱ्यांसाठी आहेत. प्रमाणे 100 ग्रॅम कोरड्या कापडाला धरून दिली आहेत. कापड वजनकाट्यावर ठेवा आणि त्या हिशेबाने कमी-जास्त करा.

नक्षी नेमकी कशामुळे उमटते? रंग तर सगळ्या कापडाला सारखाच लागतो.

रंग सगळीकडे पोचला तर नक्षी उमटणारच नाही. काही जागी तो पोचू नये म्हणून आधीच अडसर घातलेला असतो. बांधणीत आणि टाय-डायमध्ये हा अडसर दाबाचा असतो. दोरा कापडाला इतका आवळतो की धाग्यांमधल्या बारीक फटी मिटतात आणि रंगाच्या पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. बाटिकमध्ये अडसर पडद्याचा असतो. वितळलेले मेण सुताच्या आत मुरते, गार होऊन गोठते आणि पाण्याला तंतूपर्यंत पोचू देत नाही.

नक्षीतल्या कडांचा स्वभाव या फरकातून येतो. दाब मधोमध जास्त आणि कडेला कमी असतो, म्हणून बांधणीच्या ठिपक्याची कड पांढऱ्यापासून रंगापर्यंत हळूहळू गडद होत जाते. मेणाचा पडदा जिथे संपतो तिथे एकदम संपतो, म्हणून बाटिकची रेघ धारदार असते. बांधणीत कड फार पसरली किंवा बाटिकमध्ये कड फुटली, तर चूक बहुतेक वेळा रंगात सापडत नाही. ती बांधणाऱ्याच्या किंवा मेण लावणाऱ्याच्या हातात आधीच झालेली असते.

बांधणी आणि टाय-डाय यांत फरक काय?

तत्त्व एकच आहे. टाय-डायमध्ये कापड मोठ्या घड्यांत, गुंडाळ्यांत किंवा चक्रासारखे पिळून रबर बँड वा सुतळीने बांधतात आणि मोठे, पसरट आकार मिळवतात. बांधणीत नखाच्या टोकावर कापडाचा कण उचलून त्याला दोरा गुंडाळतात, आणि अशा शेकडो-हजारो ठिपक्यांतून आकृती तयार होते. कच्छ, जामनगर आणि राजस्थानात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. राजस्थानची लहरिया याच कुळातली आहे. तिथे कापड तिरके गुंडाळून ठरावीक अंतरावर बांधतात, त्यामुळे ठिपक्यांऐवजी तिरक्या लाटा येतात.

कोणते कापड घ्यावे? इथे मिळणारे मांजरपाट चालेल का?

बाटिकला मांजरपाट चालते. बारीक बांधणीला ते जाड पडते, तिथे मलमल हवी. 44 इंच पन्ह्याची पातळ मलमल सव्वा मीटर घेतली तर वजन साधारण 100 ग्रॅम भरते. चाटी गल्लीत कापड घेताना ते शंभर टक्के सुती आहे ना, हे विचारून घ्या. कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा. सुताची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनते. टेरिकॉटवर हे रंग अर्धवट चढतात, कारण त्यातल्या पॉलिस्टरला ते धरतच नाहीत.

कोऱ्या कापडात खळ असते आणि ती काढल्याशिवाय पुढचे काहीच नीट होत नाही. खळ हाही एक अडसरच, पण तो आपण घातलेला नाही आणि तो सगळीकडे असमान असतो. दर लिटरला 2 ग्रॅम सोडा अ‍ॅश आणि थोडा साबण घालून कापड अर्धा तास उकळा आणि भरपूर पाण्यात धुवा. सुकलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. तो लगेच शोषला गेला तर काम झाले. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. शंका असेल तर कोपऱ्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळसर-काळा डाग आला म्हणजे स्टार्चची खळ अजून आत आहे.

सोलापुरी टॉवेलवर किंवा चादरीवर बांधणी-बाटिक करता येईल का?

पांढऱ्या टेरी टॉवेलवर मोठे टाय-डाय छान होते. बारीक ठिपका जमत नाही, कारण दोरा वरच्या लूपवर बसतो आणि खालच्या विणीला पुरेसा आवळत नाही. बाटिक टॉवेलवर करूच नये. मेण लूपमध्ये अडकते, तळाला पोचत नाही, आणि नंतर किती उकळले तरी पुरते निघत नाही.

चादरीचे प्रकरण वेगळे आहे. तिच्यावरची नक्षी आधी रंगवलेल्या सुतातून जेकार्ड मागावर विणलेली असते. म्हणजे रंग विणण्याआधीच सुतात असतो. तयार चादर पुन्हा बांधून रंगवली तर जुना रंग आणि नवा रंग मिसळून मळकट छटा येते, आणि अडवलेली जागा पांढरी न राहता मूळ रंगाची राहते.

मग इकत यात कुठे बसते?

इकतमध्ये विणण्याआधी सुताच्या लडीच बांधून रंगवतात आणि मग मागावर नक्षी जुळवतात. पाटणचा पटोला ताणा आणि बाणा दोन्ही बांधून रंगवतात. अडसर दोऱ्याचाच, फक्त तो कापडाऐवजी सुतावर पडतो. घरी करून पाहण्याजोगे हे काम नाही.

बांधणीचा ठिपका बांधायची नेमकी पद्धत काय?

कापड चौपदरी घडी घालून ओले-कोरडे करा. म्हणजे हाताला दमट लागेल, पण पिळले तर पाणी निघणार नाही इतके. पातळ मलमलीचे चार पदर एकदम बांधता येतात, त्यामुळे एका बांधणीत चार जागी ठिपके मिळतात. वरच्या पदरातला ठिपका मोठा आणि आतल्या पदरातला थोडा लहान येतो. हे टाळता येत नाही. फार नियमित ठिपके हवे असतील तर दोनच पदर घ्या.

आकृती गेरूने आखा, तो धुण्यात निघून जातो. करंगळीचे नख वाढवून किंवा बोटात टोकदार अंगठी घालून खालून कापडाचा कण वर ढकला. त्याला डाव्या हाताच्या चिमटीत धरा आणि उजव्या हाताने दोऱ्याचे पाच ते सात वेढे जवळ जवळ, ओढून द्या. शेवटच्या वेढ्याला दोऱ्याचा फासा अडकवा, गाठ मारू नका. दोरा न तोडता पुढच्या ठिपक्यावर जा. म्हणूनच रंगवून झाल्यावर कापड आडवे-तिरके ओढले की एकामागून एक सगळे बंध तटातट सुटतात. प्रत्येक ठिपक्याला पक्की गाठ मारली तर सुटे करताना कात्री लागते, आणि कात्रीच्या टोकाने मलमलीला भोक पडतेच.

बांधल्यावर उभ्या टोकाचा सुईच्या अग्राएवढा भाग दोऱ्याच्या बाहेर राहतो. रंग तिथे चढतो आणि ठिपक्याच्या मध्यभागी रंगाचा बारीक बिंदू येतो. अस्सल हातबांधणीची ती खूण आहे, ती दोष समजून टोक झाकण्याच्या मागे लागू नका. अख्खा पांढरा गोल हवा असेल तर टोकावरूनही दोरा फिरवावा लागतो, आणि मग ठिपका फार जाड होतो.

दोरा कोणता? नायलॉनचा मजबूत असतो ना?

मजबूत असतो, पण या कामाला सुती दोराच योग्य. सूत पाण्यात फुगते, म्हणून ओला झाल्यावर वेढा आणखी आवळतो. नायलॉन फुगत नाही, गुळगुळीत असल्याने फासा सरकतो आणि रंगाच्या भांड्यात हलवताना ठिपके सुटतात. 20 नंबरच्या सुताचे दोन-तीन पदर एकत्र घेतले तर पुरेसे होते, आणि यंत्रमागाच्या गावात ते मिळायला अडचण नाही. रबर बँड मोठ्या टाय-डायला ठीक आहे. त्याचा दाब रुंद पट्ट्यावर पसरतो, त्यामुळे कड नेहमीच मऊ येते.

बांधलेले कापड रंगात घालण्याआधी ओले का करायचे?

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो आणि ठिपके गिळले जाण्याचे मुख्य कारणही हाच गाळलेला टप्पा असतो. कोरडे सूत दिव्याच्या वातीसारखे द्रव ओढून घेते. बांधलेले कापड कोरडेच रंगात टाकले तर हा ओढा रंगाला दोऱ्याखाली खेचून नेतो. तेच कापड आधी 15 ते 20 मिनिटे साध्या पाण्यात बुडवले, तर वेढ्याखालच्या फटी पाण्याने भरलेल्या असतात. मग रंगाला आत शिरायला फक्त मंद मिसळण्याचा मार्ग उरतो, आणि त्याला वेळ लागतो. शिवाय सुती दोरा या वेळात फुगून घट्ट झालेला असतो. भिजवताना बुडबुडे येणे थांबेपर्यंत कापड हलक्या हाताने दाबत राहा. हवा अडकलेल्या जागी रंग लागत नाही आणि नको तिथे पांढरे डाग राहतात.

पांढरा, पिवळा आणि लाल अशा तीन रंगांची बांधणी करायची आहे. पूर्ण कृती सांगाल?

क्रम नेहमी फिकटाकडून गडदाकडे जातो, कारण प्रत्येक नवा रंग जुन्यावर चढतो. सव्वा मीटर मलमल, म्हणजे 100 ग्रॅम कापड घेऊन पाहू. कडेला पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, आत पिवळ्या ठिपक्यांच्या बुट्ट्या आणि जमीन लाल.

आधी जिथे पांढरे हवे ते सगळे ठिपके बांधा. कापड भिजवा. 2 लिटर पाण्यात 1 ग्रॅम पिवळा रंग आणि 100 ग्रॅम साधे मीठ विरघळवा. रंगाची पूड आधी थोड्या कोमट पाण्यात घोटून घ्या, नाहीतर तिचे कण कापडावर बसून गडद ठिणग्या उमटतात. कापड रंगात घालून 15 मिनिटे सारखे हलवा. मग 20 ग्रॅम सोडा अ‍ॅश वेगळ्या भांड्यात गरम पाण्यात विरघळवून, पूर्ण गार करून, कापड बाजूला उचलून रंगात ओता. सोडा थेट कापडावर पडला तर तिथे डाग येतो. यानंतर 30 ते 40 मिनिटे अधूनमधून हलवत राहा. थंड पाण्याने दोन-तीनदा खळबळा, दाबून पाणी काढा, पिळू नका. पिळल्यावर दोरे सरकतात.

कापड सावलीत पूर्ण सुकू द्या. आता पांढऱ्याचे बंध तसेच ठेवून, पिवळे राहायला हवेत ते ठिपके बांधा. पुन्हा 15 मिनिटे पाण्यात. दुसऱ्या भांड्यात 4 ग्रॅम लाल रंग, पिवळ्याइतकेच म्हणजे 100 ग्रॅम मीठ आणि नंतर 20 ग्रॅम सोडा, कृती तीच. पिवळ्यावर चढल्यामुळे लाल किंचित केशरीकडे झुकतो. शुद्ध लाल हवा असेल तर थोडा गुलाबी झाक असलेला लाल निवडा.

रंगातून काढल्यावर बंध न सोडता वाहत्या थंड पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. ओले असताना दोरे सोडले तर दोऱ्यात साचलेला लाल रंग पांढऱ्या ठिपक्यावर पसरतो. इथे घाई केल्याने चांगले बांधलेले काम वाया जाते. वाळल्यावर दोन जणांनी कापडाचे दोन कोपरे धरून तिरके ओढा. मग कापड पुन्हा भरपूर थंड पाण्यात धुवा, म्हणजे मीठ निघून जाईल, आणि त्यानंतरच साबण घालून कढत पाण्यात 15 मिनिटे ठेवा. मीठ राहिले तर ते सुटलेल्या रंगाला परत कापडाकडे ढकलते. कापड ओले करून बादलीत रात्रभर ठेवू नका, पांढरे ठिपके सकाळी गुलाबी झालेले दिसतील.

मीठ किंवा व्हिनेगर टाकले की रंग पक्का होतो, असे ऐकले आहे.

सुती कापडावर या रंगांसाठी दोन्ही समज चुकीचे आहेत. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे सरकवते, एवढेच त्याचे काम. रंग तंतूशी खरोखर बांधला जातो तो सोड्याच्या क्षारतेमुळे. व्हिनेगर आम्ल आहे, सोड्याच्या नेमके उलट काम करते. ते रेशीम आणि लोकरीवरच्या अ‍ॅसिड रंगांसाठी वापरतात. खायचा सोडा ही सोडा अ‍ॅशची जागा घेत नाही, त्याची क्षारता फारच कमी आहे.

बोअरच्या पाण्याने रंगवल्यावर कापडावर पांढुरकी पूड का दिसते?

बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. सोडा अ‍ॅश घातला की ते पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसतात आणि कापडाला चिकटतात. त्यामुळे रंग मळका वाटतो आणि काही जागी डाग पडतात. नळाच्या पाण्याने बरेचसे सुधारते. बोअरचेच पाणी वापरायचे असेल तर रंग घालण्याआधी दर लिटरला 1 ते 2 ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला, रंगाई साहित्याच्या दुकानात मिळते. आधी एक सोपी चाचणी करा. ग्लासभर पाण्यात चिमूटभर सोडा अ‍ॅश ढवळून अर्धा तास ठेवा. पाणी दुधाळ झाले तर त्या पाण्याने सरळ रंगवू नका.

बाटिकला कोणते मेण आणि किती गरम?

दोन मेणांचे मिश्रण लागते. पॅराफिन स्वस्त आणि ठिसूळ आहे, गार झाल्यावर तडकते. मधमाशीचे मेण चिवट आहे, कापडाला धरून राहते आणि वाकवले तरी तुटत नाही. 500 ग्रॅमसाठी 300 ग्रॅम पॅराफिन आणि 200 ग्रॅम मधमाशीचे मेण ही सुरुवातीची चांगली जोडी आहे. तडांची जाळी जास्त हवी असेल तर पॅराफिन वाढवा, रेघा निर्मळ हव्या असतील तर मधमाशीचे. बाटिकचे मूळ घर जावा. इंडोनेशियाच्या बाटिकला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथे मेणात राळही मिसळतात, आणि बारीक नळीच्या तांब्याच्या पेनने रेघ ओढतात. आपल्याकडे उज्जैनजवळच्या भैरूगडला आणि कच्छमधल्या मुंद्र्याला बाटिक चालते.

मेण वितळणे आणि ते वापरण्याजोगे गरम असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. मेण साधारण 60 अंशाला वितळते, पण त्या अवस्थेत ते कापडाच्या पृष्ठभागावरच गोठते. आत मुरायला 110 ते 120 अंश लागतात. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मेण वितळवले तर ते 100 अंशाच्या पुढे जात नाही. पातळ मलमलीला हे पुरते, मांजरपाटाला अपुरे पडते.

मेण बरोबर बसले की नाही हे डोळ्यांनी कळते. ब्रश उचलल्यावर रेघ ओल्या कागदासारखी पारदर्शक दिसली आणि कापड उलटे केल्यावर तीच रेघ मागेही तशीच दिसली, तर काम झाले. रेघ दुधाळ, पांढरट आणि वर उठलेली दिसली तर मेण गार होते. नखाने खरवडले तर ती पापुद्र्यासारखी निघेल. अशा रेघेखाली रंग मागच्या बाजूने शिरतो आणि कड फुटते. मागून तीच रेघ पुन्हा गिरवून वाचवता येते. उलट मेणातून धूर निघायला लागला, रेघ ठरवलेल्या रुंदीच्या दुप्पट पसरली, तर मेण जास्त तापले आहे. गॅस किंवा शेगडी बंद करून थांबा.

मेणाला आग लागली तर?

पाणी अजिबात टाकू नका. पाणी तापलेल्या मेणाखाली जाऊन वाफ होते आणि पेटते मेण उडते. शेगडी बंद करा आणि भांड्यावर झाकण सरकवा. झाकण आधीपासून हाताशी असायला हवे. गॅसच्या उघड्या ज्योतीपेक्षा तापमान ठरवता येणारी विजेची शेगडी बरी, आणि मेण शेगडीवर सोडून घराबाहेर जायचे नाही.

उन्हाळ्यात बाटिक बिघडते, हिवाळ्यात नाही. असे का?

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते. बाटिकला ही तीन बाजूंनी अडचण आहे. पहिली, रंगाच्या पाण्यातच मेण मऊ होते. रंगाचे पाणी 35 अंशाच्या वर नको, म्हणून रात्री घरात भरून ठेवलेले पाणी सकाळी वापरा. दुसरी, मेण लावलेले कापड गच्चीवर वाळत घातले तर तापलेल्या फरशीवर रेघा वितळून पसरतात. घरात, सावलीत, दोरीवर मोकळे लटकवा.

तिसरी अडचण तडांची. तड येण्यासाठी मेण ठिसूळ असावे लागते आणि मऊ मेण फक्त दुमडते. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, पहाटेच्या गारव्यात कापड हाताने चुरगाळले की बारीक, खुसखुशीत तडा पडतात. मे महिन्यात हवे असेल तर मेण लावलेले कापड प्लास्टिकच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, बाहेर काढल्या काढल्या चुरगाळा आणि गार रंगात बुडवा. तड पडल्यावर कापड ताणू नका, मेण पापुद्रे होऊन गळते.

कोरड्या हवेचा वेगळा त्रास ब्रशने रंग भरणाऱ्यांना होतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला तंतूशी बांधले जायला ओलावा लागतो. उन्हाळ्यात ब्रशने लावलेला रंग वीस मिनिटांत वाळतो आणि धुतल्यावर निम्मा निघून जातो. रंगाच्या पाण्यात दर लिटरला 100 ग्रॅम युरिया घाला, तो ओलावा धरून ठेवतो. रंग लावल्यावर कापड प्लास्टिकने झाकून चार तास ते रात्रभर ठेवा. पावसाळ्यात एवढी काळजी लागत नाही.

गरम पाण्यातले रंग बाटिकला का चालत नाहीत?

ज्या रंगांना चढायला 80 अंश लागतात, त्या पाण्यात मेण तासाभर टिकणारच नाही. म्हणून रंग घेताना दुकानदाराला थंड पाण्यात चढणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग हवा असे स्पष्ट सांगा. बांधणीला ही अट नाही, तरी तिथेही थंड रंग सोयीचा, कारण गरम पाण्यात रंग दोऱ्याखाली लवकर सरकतो.

मेण काढायचे कसे? इस्त्रीने काढले तर कडेला तेलकट डाग राहतो.

इस्त्री फक्त वरचे मेण वर्तमानपत्रात ओढून घेते. उरलेले पातळ होऊन आजूबाजूला पसरते, तोच हा डाग. इस्त्री पहिला टप्पा म्हणून ठीक आहे, शेवट उकळण्यानेच होतो. आधी हाताने चुरून जितके मेण निघते तितके काढा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळा, साबण घाला, कापड घालून लाकडी दांड्याने वरखाली करा. मेण वर तरंगते. कापड त्या तवंगातून ओढून काढू नका, मेण परत चिकटते. आधी कडेला तवंग सरकवा, मग कापड उचलून लगेच दुसऱ्या उकळत्या पाण्यात घाला. दोन-तीनदा केले की हाताला लागणारा चिकटपणा जातो. याच उकळण्याने न चढलेला रंगही निघतो, म्हणून बाटिकला वेगळे साबण-धुणे फारसे लागत नाही.

मेण मिसळलेले पाणी मोरीत ओतू नका, पाइपात गोठून बसते. रात्रभर पातेले तसेच ठेवा. सकाळी वर मेणाची जाड पोळी तयार असते, ती उचला, फडक्याने कोरडी करा आणि पुन्हा वापरा. तिच्यात पाणी राहिले तर पुढच्या वेळी तापवताना मेण तडतडून उडते, म्हणून मंद आचेवर पाणी उडून जाईपर्यंत हळू तापवा. परत मिळवलेल्या मेणात रंग उतरलेला असतो. फिकट जमिनीवर ते वापरू नका.

रंगाची पूड हाताळताना काही धोका?

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची कोरडी पूड श्वासात गेल्याने पुढे दमा किंवा अ‍ॅलर्जी जडू शकते. पूड मोजताना पंखा बंद, नाकावर मास्क आणि हातात रबरी मोजे. एकदा पाण्यात विरघळली की हा धोका बराच कमी होतो. रंगकामाची भांडी स्वयंपाकाला परत नेऊ नका.

बाजारातली बांधणी खरी की छापील, हे कसे ओळखावे?

कापड उलटे करा. छापलेल्या कापडाची मागची बाजू फिकट असते, रंगात बुडवलेल्याची दोन्हीकडे सारखी. ठिपक्यांकडे जवळून पाहा. हातबांधणीत दोन ठिपके हुबेहूब एकसारखे नसतात, मध्ये बारीक बिंदू असतो आणि कापडावर उंचवटे-चुण्या उरतात. काही ठिकाणी बांधणी बंध न सोडताच विकतात, त्यात खात्री पटते. चुण्यांवर मात्र पूर्ण विसंबू नका, कारण छापील कापडालाही आता चुण्या पाडून विकतात. मागची बाजू आणि ठिपक्याच्या मधला बिंदू या दोन खुणा जास्त भरवशाच्या.